मदत हवी आहे : रोखीने दिलेला खर्च सीएने नफ्यात परत धरला, बरोबर आहे का?

शटरवाला
नमस्कार मंडळी. वडील आणि मी भागीदारीत ग्रिल, शटर, शेडची कामं घेतो. २०२४-२५ चं ऑडिट चालू आहे आणि सीएंनी काल फोन करून सांगितलं की कॅशमधले दोन खर्च नामंजूर होतील, ते नफ्यात परत मिळवून त्यावर टॅक्स भरायचा. बिलं आहेत, सह्या आहेत, पैसे खरंच दिलेत, मग खर्च नाही कसा म्हणतात हेच मला कळेना.

पहिला खर्च रंगकामाच्या ठेकेदाराचा. ३६,००० झाले होते, माणूस कॅशच मागत होता. दहा हजारांची लिमिट मला माहीत होती म्हणून ९,००० ची चार व्हाउचरं केली, पैसे मात्र एकाच दिवशी संध्याकाळी दिले. दुसरा हार्डवेअरवाल्याचा, १८,५०० चं बिल मार्च २०२४ चं, उधारीवर घेतलं होतं, म्हणजे खर्च मागच्याच वर्षी पडला आणि त्याचं रिटर्नही भरून झालं, आणि मेमध्ये कॅशने चुकतं केलं. आता यावर्षी तर तो खर्च मी दाखवलेलाच नाही, मग नामंजूर काय करणार? आणि टेम्पोवाल्याला एका दिवशी २८,००० रोख दिले होते त्याबद्दल सीए काहीच बोलले नाहीत, त्याचीही आता धाकधूक वाटतेय.

नाना_भुसार
अहो दोन लाखांच्या आत कॅश चालते, दोन लाखांच्या वर गेलं की दंड. तुमचे तर छत्तीस हजार आहेत, सीए उगाच घाबरवतोय. मी शेतकऱ्यांकडून सोयाबीन घेतो, एकेकाला साठ-सत्तर हजार रोख देतो, आजवर कुणी एक रुपया नामंजूर केलेला नाही.

रोजमेळ
नाना, दोन लाखांचा नियम पैसे घेणाऱ्यासाठी आहे, कलम २६९एसटी. इथे प्रश्न देणाऱ्याच्या खर्चाचा आहे, ते कलम ४०ए(३).

शटरवाला, लिमिट दहा हजार बरोबर, पण छत्तीस हजार पूर्ण जाणार नाहीत, दहाच्या वरचे २६,००० तेवढेच नामंजूर होतील. सीएंना परत विचारा.

मीनल_ऑडिट
रोजमेळ, कलम बरोबर सांगितलंत पण आकडा नाही. लिमिट ओलांडली की वरचा भाग नाही, अख्खी रक्कम जाते. एका माणसाला एका दिवसात १०,००० रोख दिले तर खर्च पूर्ण मंजूर, १०,००१ दिले तर सगळा नामंजूर. पूर्वी लिमिट २०,००० होती, २०१७-१८ पासून दहावर आली.

शटरवाला दादा, व्हाउचर किती केली याला इथे काही अर्थ नाही. एका व्यक्तीला एका दिवसात एकूण किती रोख गेलं तेवढंच बघतात, बिल एक असो की चार. तुमची चारही व्हाउचरं एकाच तारखेची, म्हणून ३६,००० गेले. त्याच दिवशी २७,००० एनईएफटीने दिले असते आणि ९,००० रोख, तर एक पैसाही गेला नसता, कारण बेरीज फक्त रोखीची होते. यूपीआय, कार्ड, अकाउंट पेयी चेक हे सगळं बाहेर. बेअरर चेक मात्र रोखीतच धरतात, आणि नुसत्या दोन रेघा मारलेला पण अकाउंट पेयी न लिहिलेला चेकसुद्धा, हे बऱ्याच जणांना नंतर कळतं.

पैसे खरंच दिले हे तुमचं म्हणणं कुणी खोटं ठरवत नाहीये. खर्च खोटा असता तर तो तसाही उडाला असता, हे कलम खऱ्या खर्चालाच लागतं. २०,००० च्या आधीच्या काळातच, १९९१ साली, अत्तरसिंग गुरमुखसिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हे कलम वैध ठरवलंय.

आता हार्डवेअरचं. खर्च मागच्या वर्षी मंजूर झाला म्हणून मागचं वर्ष उघडत नाहीत, ज्या वर्षी रोख दिले त्या वर्षाचं उत्पन्न म्हणून ती रक्कम धरतात, पोटकलम ३ए. मे २०२४ मध्ये दिलेत म्हणून २०२४-२५ मध्ये १८,५०० वाढले. खर्च तुम्ही यावर्षी दाखवला नाही हे खरं, पण म्हणूनच तो वजा न होता उत्पन्नात मिळवला जातो.

म्हणजे ३६,००० आणि १८,५०० मिळून ५४,५००. भागीदारी फर्मला ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२ टक्के, टॅक्स १७,००४ रुपये. टेम्पोची काळजी सोडा, मालवाहतूकदाराला दिवसाला ३५,००० पर्यंत चालतं. फक्त पावती टेम्पोमालकाचीच हवी, दुकानदाराने स्वतःच्या बिलात भाडं लावलं असेल तर त्याला दहाचीच लिमिट.

नाना_भुसार
मग माझं काय? मीपण अडकलो का आता?

मीनल_ऑडिट
नाही नाना. शेतीमाल पिकवणाऱ्यालाच पैसे दिले तर नियम ६डीडी मध्ये सूट आहे. पण तोच सोयाबीन दुसऱ्या व्यापाऱ्याकडून घेतला तर ही सूट नाही, म्हणून प्रत्येक पावतीवर शेतकऱ्याचं नाव, गाव आणि सही घ्या, नाहीतर तो पिकवणारा होता हे दाखवणार कसं?

शटरवाला
मीनलताई, खूप आभार, आता कुठे समजलं. एक विचारू का, ठेकेदाराने ते पैसे त्याच्या चार पोरांना वाटले, प्रत्येकाला नऊ नऊ हजार, म्हणूनच मी चार व्हाउचरं केली होती. मग चार वेगळी माणसं नाही का धरता येणार?

रोजमेळ
हे आधी सांगायला हवं होतं! चौघांच्या सह्या असतील तर प्रत्येकी ९,०००, सुटलात. ६डीडी मध्ये एजंटचीपण सूट आहे, ठेकेदार तुमच्या वतीने रोख वाटणारा एजंट म्हणता येईल. (आधीच्या आकड्याबद्दल माफी, माझं चुकलंच.)

मीनल_ऑडिट
सह्या कुणाच्या आहेत आणि बिल कुणाच्या नावाचं आहे?

शटरवाला
बिल ठेकेदाराच्या नावाचं, ३६,००० चं. व्हाउचरवर दोन पोरांच्या सह्या, बाकी दोनवर ठेकेदाराची.

मीनल_ऑडिट
मग अवघड आहे. बिल ठेकेदाराचं म्हणजे देणं त्याचंच, पुढे त्याने पोरांना काय दिलं तो त्याचा खर्च. एजंट म्हणायचं तर तो तुमच्यासाठी काम करत होता हे दिसायला हवं, आणि इथे तो स्वतःच्या नावाने बिल देतोय. मी असते तर ३६,००० नामंजूरच दाखवले असते, ऑडिट रिपोर्टच्या ३सीडी फॉर्ममध्ये कलम २१(डी) खाली ते लिहावं लागतंच.

रोजमेळ
मी नाही सहमत. दोन सह्या पोरांच्या आहेत तर निदान त्या १८,००० चा दावा तरी करावा, ठेकेदाराकडून लिहून घ्यावं की मजूर शटरवाल्यांचेच होते.

मीनल_ऑडिट
ते तेव्हाच लिहिलेलं असेल तर आणा. आता नव्याने लिहून घेऊन मागची तारीख टाकू नका, कृपा करून. शिवाय उरलेले दोन नऊ-नऊ हजार ठेकेदाराच्या सहीचे आहेत, म्हणजे त्याला एकट्याला १८,००० झालेच, ते कुठल्याच बाजूने वाचत नाहीत.

शटरवाला
तेव्हाचं काही लिहिलेलं नाही, फक्त हजेरीची वही आहे, त्यात चौघांची नावं रोज लिहिलेली आहेत आणि ती मीच लिहायचो. उद्या ती वही घेऊन सीएंकडे जातो. आणि परवा त्याच दुकानातून १४,००० चं ड्रिल मशीन कॅशने घेतलंय, त्याचं आता सांगू की नको असं झालंय.

मीनल_ऑडिट
सांगाच. मशीन म्हणजे भांडवली वस्तू, तिथे खर्च नामंजूर होत नाही, पण एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिल्यामुळे ती रक्कम मशीनच्या किमतीत धरली जात नाही, म्हणजे त्यावर घसारा मिळणार नाही. दुकानदार परत घ्यायला तयार असेल तर खरंच परत करा आणि नवीन बिल यूपीआयने भरा. वहीचं काय झालं ते इथे कळवा.