अर्धायुष्याचं गणित, उत्तर सतत १.८५ टक्के येतंय, मदत हवी आहे

काजळी: बारावी, केमिस्ट्री. सूत्रात आकडे टाकले की १.८५ येतं, गाईडमध्ये १७.७ आहे. तीनदा केलं. गाईड चुकलंय का? उद्या प्रिलिम आहे, लवकर सांगा.

गोधडी: अरे, पण गणित कुठलं? अर्धायुष्य किती, दिवस किती, k किती काढलास?

काजळी: आयोडिन-१३१, अर्धायुष्य ८ दिवस, २० दिवसांनी किती टक्के उरेल. k = 0.693/8 = 0.0866, ते बरोबरच आहे.

रानवाट: k हवाच कशाला? १६ दिवसांनी २५ टक्के, २४ दिवसांनी १२.५. विसावा दिवस बरोबर मधला, म्हणून १८.७५. गाईडच चुकलंय.

गोधडी: मधला दिवस असला तरी उत्तर मधलं येत नाही. सोळाव्या दिवशी साठा जास्त असतो, म्हणून पहिल्या चार दिवसांत ७.३ घटतं आणि पुढच्या चारांत ५.२. पण तुमच्या अंदाजाचा एक उपयोग आहे. उत्तर १२.५ आणि २५ च्या आतच हवं. १.८५ वर यायला ४६ दिवस लागतील. काजळी, k नंतरच्या ओळी टाक.

सायली_पेण: माझ्या आईला थायरॉईडसाठी हेच आयोडिन दिलं होतं. घरी आल्यावर काही दिवस ती वेगळ्या खोलीत झोपायची, नातवाला जवळ घेता येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, शरीरातून लवकर कमी होतं. मग ८ दिवस कसे?

गोधडी: ताई, शरीरातलं बरंचसं लघवीवाटेही निघून जातं. दोन्ही वेगांची बेरीज होते, म्हणून लवकर घटतं. इथलं गणित बाटलीतल्या आयोडिनचं आहे.

काजळी:
```
log(A0/A) = 0.0866 × 20 = 1.732
antilog = 53.95
100/53.95 = 1.85
```

गोधडी: सापडलं. 0.693 हा दोनचा नैसर्गिक लॉग आहे आणि तू उघडलंस ते टेबल पाया दहाचं. मध्ये 2.303 ने भागायचं राहिलं.
```
1.732/2.303 = 0.752
antilog = 5.65
100/5.65 = 17.7
```

रानवाट: एवढ्या खटाटोपापेक्षा १८.७५ लिहून मोकळं व्हावं, एखादा मार्क मिळेलच.

काजळी: आलं १७.७! आता दुसरं. बॅक्टेरिया १२ तासांत ५०० चे ४०००, k विचारलाय, अर्धायुष्य दिलेलंच नाही. वाढ आहे म्हणून वजा चिन्ह घ्यायचं ना?

गोधडी: नाही. मोठा आकडा वर ठेव, k धनच येईल.
```
k = (2.303/12) × log(4000/500)
  = (2.303/12) × 0.903 = 0.173 प्रति तास
```
पडताळा बघ. आठपट म्हणजे तीनदा दुप्पट, म्हणजे दर ४ तासांनी एकदा. 0.693/4 सुद्धा 0.173 च.

सायली_पेण: पण ती बेरीज नेमकी कशी करायची? आईच्या फाइलमध्ये एकच आकडा लिहिलाय.