दुकानाचा आगीचा विमा : स्टॉकची रक्कम कशी ठरवली? अनुभव सांगा (नाशिक)

स्टेशनरीवाली, अशोकस्तंभ: पॉलिसी रिन्यूअलला आलीय आणि एजंट म्हणतो मागच्या वर्षीचीच रक्कम ठेवू. माझा स्टॉक मे-जूनला शाळांमुळे दुप्पट होतो आणि दिवाळीनंतर एकदम खाली येतो, मग कुठला आकडा धरायचा? खरेदीचा भाव की छापील किंमत? ज्यांनी क्लेम केलाय त्यांनी जरा सविस्तर लिहा प्लीज.

कापडवाला, मेनरोड: ताई, लिहितो, कारण हे कुणी आधी सांगत नाही. आमच्या पोटमाळ्यावर शॉर्टसर्किट झालं, लगीनसराईचा माल वर रचलेला. विमा बँकेनेच काढलेला, सीसी लिमिट १२ लाखांची म्हणून विमाही १२ लाखांचा. जळून आणि बंबाच्या पाण्याने भिजून नुकसान ८ लाखांचं झालं, आम्हाला वाटलं १२ च्या आत आहे म्हणजे पूर्ण मिळेल. सर्व्हेअरने मात्र ३१ मार्चचा स्टॉक घेतला, त्यात तेव्हापासूनची खरेदी बिलं मिळवली, विक्रीतून आमचा नफा काढून उरलेली रक्कम वजा केली, आणि आगीच्या दिवशी दुकानात २० लाखांचा माल होता असं काढलं. २० च्या मालाला १२ चा विमा, म्हणजे ८ लाखांतलेही तेवढ्याच प्रमाणात, ४ लाख ८० हजार. त्यातून भिजलेल्या साड्यांचे जे येतील ते आणि पॉलिसीतली ठरलेली कपात वजा. बाकीचं खिशातून.

किराणा, पंचवटी: पण आता १५ टक्के सूट असते ना? म्हणजे १२ वर १५ टक्के वाढवून द्यायला पाहिजे होते. दादा, तुम्ही भांडायला हवं होतं.

हिशेबनीस, शरणपूर रोड: सूट आहे पण तशी नाही. १ एप्रिल २०२१ पासून छोट्या दुकानांना 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पॉलिसी मिळते, एका जागी सगळं मिळून ५ कोटींपर्यंतचं असेल तर. तिच्यात विमा १५ टक्क्यांपर्यंत कमी पडला तर तो कमी धरत नाहीत, एवढंच. २० लाखांच्या मालाला १७ चा विमा असता तर काही कापलं नसतं. १२ म्हणजे ४० टक्के कमी, तिथे सूट कामाला येत नाही. ताई, भाव खरेदीचा धरा, वर गाडीभाडं-हमाली. छापील किमतीने धरलं तर हप्ता जास्त जातो आणि क्लेममध्ये नफा मिळत नाहीच. आणि बँकेला दर महिन्याला देता ते स्टॉक स्टेटमेंट खरं असू द्या. लिमिट मिळावी म्हणून फुगवलेला आकडा सर्व्हेअर हमखास काढून बघतो, मग 'एवढा माल होता तर विमा एवढाच का' हे तुमच्याच सहीवर येतं.

मेडिकल, सिडको: आमच्याकडे शटर तोडून चोरी झाली, त्याचं यात बसतं का?

हिशेबनीस, शरणपूर रोड: नाही, घरफोडीचा विमा वेगळा घ्यावा लागतो.

सराफ बाजार, भाड्याचं दुकान: आमच्याकडे गोदेचं पाणी शिरतं, आगीच्याच पॉलिसीत पूरही येतो म्हणून घेतली. पण पत्ता नीट बघा हं. माझं गोडाऊन द्वारकेला आणि पॉलिसीवर फक्त दुकानाचा पत्ता होता, एजंटनेच लक्षात आणून दिलं आणि दोन्ही जागांचा माल एकाच रकमेत फिरता घेतला. फर्निचर, काउंटर, एसी यांची रक्कम स्टॉकपासून वेगळी लिहून घ्या, स्टॉकला कमी पडलं तर ती तिकडून वळवता येत नाही असं मला सांगितलंय.

कापडवाला, मेनरोड: बरोबर. मी आता वर्षभर लगीनसराईचाच आकडा ठेवतो, हप्त्यात फरक पडतो तो पडू दे.

किराणा, पंचवटी: मी नाही ठेवत. सणाआधी रक्कम वाढवून एंडोर्समेंट घेतो, उरलेल्या महिन्यांचाच हप्ता लागतो. फक्त माल यायच्या आधी करायचं, नंतर राहून जातं.

स्टेशनरीवाली, अशोकस्तंभ: आणि जीएसटी? एजंट म्हणतो क्रेडिट घेता तर धरू नका.

हिशेबनीस, शरणपूर रोड: यावर मतं वेगळी आहेत. जळालेल्या मालाचं क्रेडिट परत करावं लागतं, कलम १७(५)(एच), म्हणून मी माझ्या पार्ट्यांना जीएसटीसकट रक्कम धरायला सांगतो. पण क्लेमला ते मान्य होईल का, हे कंपनीकडून आधीच लेखी घ्या. काही सर्व्हेअर क्रेडिट परत केल्याचा सीएचा दाखला मागतात.

स्टेशनरीवाली, अशोकस्तंभ: ठीक, मग खरेदी भावाने जूनचाच आकडा काढते. एक राहिलंच, अभ्यासक्रम बदललेली जुनी गाइडं कपाटभर पडून आहेत, ती धरायची का?

हिशेबनीस, शरणपूर रोड: ती खरेदी भावाने धरू नका ताई, आज रद्दीत जे येतील तेवढेच. सर्व्हेअर छापलेलं वर्ष बघतो.