मदत हवी आहे: 'एकरी दीड क्विंटल जास्त' यातली अनिश्चितता पारावर तोंडी कशी सांगू?

तापीकाठची: नमस्कार मंडळी. आमच्या गटाने चोपडा तालुक्यात पूर्वहंगामी कपाशीवर चाचणी घेतली. 12 शेतकऱ्यांनी आपापल्या वावराचे दोन भाग केले. एकात ठिबकमधून विद्राव्य खत थोडंथोडं दिलं, दुसऱ्यात नेहमीसारखं हाताने. कुठल्या भागाला काय, ते नाणं उडवून ठरवलं. ठिबकच्या भागात सरासरी एकरी 1.5 क्विंटल कापूस जास्त आला. 95 टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे अंदाजाचा पट्टा, 0.3 ते 2.7 क्विंटल निघाला.

आता हे बैठकीत बोलून सांगायचंय. फळा नाही, पडदा नाही. गटातल्या एका भाऊंना सांगून पाहिलं, तर ते म्हणाले, "म्हणजे मना वावरमा कमीत कमी 30 किलो त वाढीच ना?" हा अर्थ बरोबर नाही, पण तो होऊ नये म्हणून नेमकं कसं बोलू?

पांझराकाठ: सोपं आहे ताई. दशांश सोडा, किलोत बोला. "शंभरातल्या 95 शेतकऱ्यांना 30 ते 270 किलोच्या दरम्यान वाढ मिळेल."

आकडेमोड: किलोत बोलणं अगदी योग्य, पण दुसरं वाक्य नको. तो पट्टा सरासरीचा आहे, शेतकऱ्यांचा नाही. ताई, बाराही जणांचे फरक देता का?

तापीकाठची: क्विंटलमध्ये, चढत्या क्रमाने: -1.5, -0.8, -0.3, 0.4, 0.9, 1.2, 1.6, 2.0, 2.6, 3.2, 3.9, 4.8.

आकडेमोड: आता मोजा. 0.3 ते 2.7 मध्ये बारापैकी सहाच जण बसतात. तिघांचं उत्पन्न तर ठिबकच्या भागात उलट कमी आलंय. म्हणून सरासरीने सुरुवातच करू नका, माणसांपासून करा: "बारा जणांनी करून पाहिलं. नऊ जणांना जास्त आलं, तिघांना कमी. सगळ्यात जास्त वाढ पावणेपाच क्विंटलच्या थोडी वर, सगळ्यात मोठी घट दीड क्विंटल." इथे थांबा, लोकांना बोलू द्या. हे डोक्यात बसलं की मग म्हणा, "सगळ्यांची सरासरी काढली तर दीड क्विंटल जास्त. पण बाराच जण होते. दुसरे बारा घेतले असते तर सरासरी वेगळी आली असती. आपल्या हिशोबाने खरी सरासरी 30 किलोपासून पावणेतीन क्विंटलपर्यंत कुठेही असू शकते."

त्या भाऊंचा प्रश्न तेराव्या वावराचा आहे, आणि त्याचं उत्तर फार रुंद आहे. याच आकड्यांवरून काढलं तर जवळपास तीन क्विंटल घटीपासून सहाच्या जरा आत वाढीपर्यंत. एवढा पट्टा ऐकून लोक नाराज होतील, तरी त्यांनी विचारलंय तेच हे आहे. बारा आणखी वाढवले तर सरासरीचा पट्टा आवळत जाईल. वावरावावरातला फरक मात्र तसाच राहील, कारण जमीन, पाणी, लागवडीची तारीख सगळ्यांची वेगळी.

केळीवाला_रावेर: माझंही असंच आहे. एकाच बागेच्या मातीचे दोन रिपोर्ट, पालाश वेगवेगळं. खरं कुठलं धरू?

आकडेमोड: आप्पा, तुमचा प्रश्न वेगळा. आधी बघा, दोन्ही नमुने बागेत ठिकठिकाणची माती एकत्र करून घेतले होते का. एकाच कोपऱ्यातून घेतलेला असेल तर तो त्या कोपऱ्याचा रिपोर्ट. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

पांझराकाठ: बरं, माझं वाक्य मागे. पण 95 टक्के सांगायचेच नाहीत का? खत विकणारा तर एकच आकडा छातीठोकपणे सांगतो. आपण "कुठेही असू शकते" म्हणालो तर लोक त्याचंच ऐकतील.

आकडेमोड: कुणी विचारलं तर असं सांगेन: "अशाच शंभर चाचण्या घेतल्या आणि प्रत्येकीतून असाच पट्टा काढला, तर साधारण 95 पट्ट्यांत खरी सरासरी सापडेल, पाचांत निसटेल." तो भरवसा पट्टा काढायच्या रीतीचा आहे. संख्याशास्त्रज्ञ नेमन यांनी 1937 मध्ये मांडला तो याच अर्थाने. न विचारता पारावर मी ते काढणार नाही.

शिरपूरचा_मास्तर: मी काढेन. लोक हुशार असतात. पाच वेळा निसटतं हे लपवलं तर पुढच्या वर्षी आकडा चुकल्यावर आपल्यालाच धरतील.

तापीकाठची: मास्तर, त्यावर गटात बोलते. एक गोष्ट मात्र जमली. वाढीव खर्च एकरी 2,100 रुपये आहे. कापसाचा भाव 7,000 धरला तर तो बरोबर 30 किलो कापसाचा. म्हणजे "पट्ट्याच्या खालच्या टोकाला सरासरी शेतकऱ्याचा खर्च जेमतेम निघतो, वरच्या टोकाला चांगले पैसे सुटतात" असं सांगितलं. भाऊंनी लगेच विचारलं, "आनि त्या तिघेसनं काय?"

आकडेमोड: योग्य प्रश्न. त्या तिघांची जमीन मुरमाड आहे का, ठिबकच्या नळ्या चोंदल्या होत्या का, ते पाहा. पण तिघांवरून कारण ठरवू नका. आणि हेही बोला की बारा जण स्वतःहून पुढे आलेले होते, आणि पावसाळा एकच होता. ती अनिश्चितता 30 ते 270 मध्ये धरलेलीच नाही.

तापीकाठची: तिघांपैकी दोघांची मुरमाडच आहे. तिसऱ्यांची काळी कसदार. त्यांच्याकडे उद्या जाऊन नळ्या बघते.