मदत हवी आहे: साहित्य आढाव्यातली यादी मोडायची कशी?
पीएचडीचा विषय आहे बायकांना मिळणारं सूक्ष्मकर्ज. आढाव्यातला प्रत्येक परिच्छेद 'अमुक यांच्या मते'नेच सुरू होतो. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "ही तर वाण्याची यादी!" मग तक्ता केला: ओळीत अभ्यास, रकान्यात मुद्दे. तेव्हा कुठे दिसलं, की बांगलादेशावरचे १९९६ चे दोन अभ्यास भांडतायत. गोएत्झ आणि सेनगुप्ता म्हणतात, बरंचसं कर्ज घरातले पुरुषच वापरतात. हाशेमी, शुलर, रायली म्हणतात, बायकांचं बळ वाढलं. पण पहिल्यांनी कर्जावरचा ताबा मोजला. दुसऱ्यांनी बाहेर जाणं-येणं, खरेदी, घरातले निर्णय. मग हा मतभेद खरा, की फक्त मोजपट्टीचा? परिच्छेद याच प्रश्नाने उघडू का? आणि एकच अभ्यास तीन मुद्द्यांत आला, तर त्याची पद्धत दरवेळी सांगायची का?