मदत हवी आहे: इंदूरमध्ये बाळाचे कान घरी येऊन टोचणारे सोनार

नमस्कार मंडळी. आमच्या लेकीचे कान बारशालाच, बाराव्या दिवशी टोचायचे असा सासूबाईंचा आग्रह होता. बालरोगतज्ज्ञांनी थांबायला सांगितलं, कारण धनुर्वाताची लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात असते. आता तिन्ही डोस झालेत. सुश्रुतानेही सहावा-सातवा महिनाच सांगितलाय, हे ऐकून सासूबाईही राजी झाल्या. मुलीचा आधी डावा कान, हे त्यांचं ठरलेलंच आहे.

सराफ्यात चौकशी केली, तर एका दुकानात तीच तार नुसती कापसाने पुसून टोचतात. ते मला अजिबात पटलं नाही. गन नको, कारण तिचं प्लास्टिक उकळत्या वाफेत निर्जंतुक करता येत नाही. सीलबंद सुई वापरून मग बावीस कॅरेटची तार घालून देणारं कुणी आहे का? तार जरा सैल हवी, पाळी सुजते तेव्हा घट्ट तार आत रुतते. टोकही नीट वळवलेलं हवं, झबल्यात अडकायला नको.

नंतर हळद-तेल लावलंत की नुसतं सलाईनने पुसलंत? राजवाडा किंवा सुदामानगरकडचं कुणी असेल तर कृपया सांगा.