क्लायंटचा लाडका परिच्छेद काढला. हे पत्र पाठवू का?

लाल_पेन: कर्वे रस्त्यावरच्या एका फिजिओथेरपी केंद्राचं माहितीपत्रक करतेय, ए-फोर, दोन घड्यांचं. बदल दिसतील असा मसुदा पाठवला तेव्हापासून मालक नाराज आहेत. छपाई बाकी आहे. पत्र असं:

"काका, वडिलांवरचा परिच्छेद का काढला ते सांगते. तो आत दुमडणाऱ्या पट्टीवर होता आणि पत्रक उघडताच नजर तिथेच जाते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आईसाठी चौकशी करणाऱ्या मुलीला तिथे हवं असतं: घरी येता का, जिना चढावा लागेल का, किती दिवस यायचं. ती उत्तरं मागे, बारीक अक्षरांत गेली होती. 'मायेचा ओलावा', 'सेवेचा वसा' हे कुठल्याही केंद्राच्या पत्रकात खपेल. पण 'वडील जिन्यात दर मजल्यावर टेकायचे, म्हणून केंद्र तळमजल्यावरच घेतलं' हे वाक्य फक्त तुमचं आहे. ते ठेवलंय, पत्त्याच्या वर. पूर्ण परिच्छेद केंद्रात वडिलांच्या फोटोखाली लावावा, असं मनापासून वाटतं."

कसबापेठकर: पैसे त्यांचे, वडील त्यांचे. तुम्ही सुचवा, कापू नका. 'खपेल' हा शब्द तर पत्रातून आधी काढा.

स्मरणिका_मंडळ: आमच्या सोसायटीच्या स्मरणिकेतून माझी कविता अशीच गायब झाली. पत्र सोडाच, फोनसुद्धा आला नाही. तुम्ही निदान कळवताय.

डिझाइनवाला: एवढं कशाला? अक्षर ९ पॉइंट करा, सगळं मावेल. नाहीतर एक पान वाढवा.

जुना_प्रूफवाचक: मावेल, पण वाचणार कोण? इथले वाचक साठीच्या पुढचे. देवनागरी ९ पॉइंटला आणून ओळी जवळ घेतल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो, जोडाक्षरं भरून येतात. पान वाढवणंही सोपं नाही. दोन घड्यांच्या कागदाला सहाच बाजू. पिना मारून पुस्तिका केली तर पानं चाराच्या पटीत वाढतात, खर्चही. शिवाय आतली पट्टी दोनतीन मिलिमीटर अरुंद ठेवावी लागते, नाहीतर घडीत फुगते.

लाल_पेन, पत्राबरोबर दोन नमुने द्या, परिच्छेदासह आणि परिच्छेदाविना. खऱ्या मापात छापून, घडी घालून. ते काकांनी शेजारच्या एखाद्या आजींच्या हातात द्यावेत आणि केंद्राची वेळ शोधायला सांगावं. स्क्रीनवर मोठं करून पाहिलं की सगळंच वाचता येतं, म्हणून वाद मिटत नाही.

लाल_पेन: नमुने उद्याच काढते. 'खपेल'ऐवजी 'शोभेल' केलं. परिच्छेद मात्र पट्टीवर परत घेणार नाही.

कसबापेठकर: त्यांनी नमुने पाहूनही हवाच म्हटलं तर घ्यावा लागेल. आणि एक, तुम्ही ठेवलेल्या वाक्यात वडिलांचं नाव नाही. मूळ परिच्छेदात होतं का? कदाचित त्यांना तेच खुपत असेल. आधी ते विचारा.