सिंगतेलाचा डबा: 15 किलो की 15 लिटर?

मुग्धा, रावपुरा
दिवाळीनंतर नवं सिंगतेल, म्हणजे शेंगदाणा तेल, आलं की डबे भरायचे, ही सासरची पद्धत. यंदा खंडेराव मार्केटजवळच्या दुकानदाराने दोन डबे पुढे केले. एक 15 किलोचा, 2700 रुपये. दुसरा 15 लिटरचा, 2480. दोन्ही फिल्टर, दोन्हींवर शेंगांचं चित्र. सासूबाई म्हणतात स्वस्त तो घे, नवरा म्हणतो घाणीवरून काढून आणू, मला वाटतं लेबल वाचून ठरवावं. तुम्ही कोणाच्या बाजूने? आणि वाटीभर तेल फ्रिजमध्ये ठेवलं की भेसळ कळते म्हणतात, ते खरं का?

वाडीतला बाळू
सासूबाई बरोबर. 220 रुपये वाचतायत, ते का सोडायचे? किलो-लिटर हा सगळा कागदावरचा फरक, डबा तर तेवढाच दिसतो. फ्रिजचं शंभर टक्के खरं आहे. रात्री ठेव, सकाळी थिजलेलं दिसलं तर पामोलीन. आमच्याकडे असंच एक तेल पकडलं होतं आणि दुकानदाराच्या तोंडावर परत मारलं होतं.

निवृत्त केमिस्ट, मांजलपूर
बाळूभाऊ, त्या दुकानदाराचं तेल बहुतेक चांगलं होतं.

शुद्ध शेंगदाणा तेलही फ्रिजमध्ये गढूळ होतं आणि मग घट्ट होतं. त्यात लांब साखळीची काही संपृक्त आम्लं असतात, ती थंडीत आधी बाहेर पडतात. सोयाबीन आणि सूर्यफूल मात्र घरच्या फ्रिजमध्ये पाण्यासारखं स्वच्छ राहतं. म्हणजे 'सिंगतेल' म्हणून आणलेलं तेल चार अंशाला दोन दिवस ठेवूनही काचेसारखं राहिलं, तर शंका तिथे घ्यायची. तुम्ही नेमकं उलटं केलंत. अर्थात थिजलं म्हणून शुद्ध, असंही नाही. पामोलीन थिजतं, कपासिया म्हणजे सरकीचं तेलही गढूळ होतं, आणि भेसळ करणाऱ्याला आपल्याकडे सर्वांत जवळचं पडतं ते कपासियाच. हां, बाहेर वीस अंश असताना डब्याच्या तळाशी पांढरा थर जमला असेल, तर पामचा संशय रास्त आहे. फ्रिजमधून एवढंच कळतं.

आता भाव. शेंगदाणा तेलाचं एक लिटर साधारण 910 ग्रॅम भरतं. 15 लिटर म्हणजे 13 किलो 650 ग्रॅम. 2480 भागिले 13.65, किलोला पावणेएकशेब्याऐंशीच्या आसपास. 2700 भागिले 15, बरोबर 180. स्वस्त दिसणारा डबा किलोमागे दीड-दोन रुपये महाग आहे आणि घरात सव्वा किलोहून जास्त तेल कमी येतंय. सासूबाईंना हा हिशोब कागदावर मांडून दाखवा.

मुग्धा, रावपुरा
अरे देवा. पण काका, डब्यावर एककाचा भावही छापलेला होता. लिटरवाल्यावर आकडा लहान होता, म्हणूनच तो स्वस्त वाटला.

निवृत्त केमिस्ट, मांजलपूर
तिथेच गोची आहे. वजनात विकलेल्या मालावर किलोचा भाव छापतात, मापात विकलेल्यावर लिटरचा. समजा तुमच्या 2480 वरूनच काढला, तर लिटरला 165 होतो. 165 आणि 180 शेजारी ठेवले की माणूस फसणारच. लिटरच्या भावाला 0.91 ने भागा, मग किलोशी ताडा. शिवाय छापलेला भाव एमआरपीवरून काढलेला असतो. तेलाच्या डब्यावर एमआरपी बरीच चढी असते आणि दुकानदार खाली देतो, म्हणून आपण प्रत्यक्ष मोजलेल्या पैशांवरून भागाकार करायचा.

लिटरच्या डब्यावर वजनही लिहिलेलं असतं का, ते बघा. पूर्वी काही कंपन्या '60 अंश तापमानाला अमुक लिटर' असं छापत. तेल गरम झालं की फुगतं, त्यामुळे तेवढ्याच लिटरात कमी वजन मावतं. 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक विभागाने सांगितलं की तापमान न लिहिता माप द्या आणि वजनही द्या. तेव्हापासून वजन शोधायची सवय ठेवलेली बरी. दोन डब्यांची तुलना वजनावरच होते.

वाडीतला बाळू
बरं, लिटरचं पटलं. पण फ्रिजचं मी सोडणार नाही. यूट्यूबवर डॉक्टर दाखवतात.

शैलजाताई, कारेलीबाग
तुपाचंही असंच आहे बरं का. मी पूजेला म्हणून एक स्वस्त पाकीट आणलं, पुढे समई आणि गायीचं चित्र. घरी येऊन चष्मा लावून पाठीमागचं वाचलं तर 'खाण्यासाठी नाही' असं बारीक अक्षरात. बरं झालं आधी वाचलं, नाहीतर नातवाच्या वरणात गेलं असतं. तर मुग्धा, तूप घेशील तेव्हा दाणेदार आहे का बघून घे. दाणा आला की तूप चांगलं.

निवृत्त केमिस्ट, मांजलपूर
शैलजाताई, पाठीमागचं वाचलंत हे उत्तम. पण दाण्यावर जाऊ नका, सावकाश गार केलं की वनस्पती तुपालाही दाणा येतो.

जुना बडोदेकर
मी मुग्धाच्या नवऱ्याच्या बाजूने. लेबल छापणारा काय हवं ते छापतो. ज्याला पाच टक्के कपासिया घालायचंय तो डब्यावर लिहून घालतो की काय? घाणीवर आपण उभं राहायचं, आपल्या डोळ्यांदेखत दाणे पडतात, तेल खाली येतं, पेंड बाजूला. वासावरच कळतं. लेबल वाचून तेल घेणं म्हणजे पत्रिका बघून सून आणणं.

निवृत्त केमिस्ट, मांजलपूर
उपमा झकास, पण घाणीचाही हिशोब करा. घाणीत दाण्यातून चाळीस टक्क्यांच्या आसपास तेल निघतं. 15 किलो तेलाला साडेसदतीस किलो दाणे लागले. दाणा शंभर रुपये किलो धरा, 3750 झाले. पेंड बावीस किलोच्या आसपास उरेल, ती 35 ने गेली तर 770 परत. म्हणजे 2980, मजुरी वेगळी. तुमच्या दिवसाचा दाण्याचा आणि पेंडीचा भाव घालून बघा, रीत हीच. आता कोणी 'कच्ची घाणी' लिहून त्याच दिवशी 2400 ला डबा देत असेल, तर बाकीचं तेल कुठून आलं, हे विचारायला हवं. मोठ्या मिलला हा आकडा खाली आणता येतो, कारण एक्सपेलर जास्त पिळतो आणि पेंडीतलं उरलेलं तेलही सॉल्व्हंटने काढून विकलं जातं. घाणीवाल्याकडे ती सोय नाही.

दुसरं, दाणा डोळ्यांनी बघायला गेलात तर बुरशी बघा. काळपट, सुरकुतलेला, खवट दाणा पडला की त्यातलं विष बरंचसं पेंडीत जातं, पण थोडं तेलातही उतरतं, आणि साध्या गाळण्याने ते जात नाही. रिफाइंडमध्ये क्षाराची प्रक्रिया होते, तिथे ते निघतं. हे घाणीविरुद्ध नाही, दाणा निवडून नेण्याबद्दल आहे.

जुना बडोदेकर
दाणे मी स्वतः निवडून नेतो. आणि महाग पडतं हे मान्यच आहे, पण मला माहीत असतं काय खातोय ते. रिफाइंड घेऊन वासच नसेल तर वर्षाचा डबा भरायचा कशाला?

निवृत्त केमिस्ट, मांजलपूर
चवीपुढे मी हात जोडतो. वासावर मात्र भिस्त नको, वास घालता येतो.

मुग्धा, रावपुरा
मग लेबलवर नक्की काय बघू? आणि शंका आलीच तर सामान्य माणसाने करायचं काय?

निवृत्त केमिस्ट, मांजलपूर
पुढचं चित्र सोडा, मालाचं नाव आणि घटक वाचा. नुसतं 'शेंगदाणा तेल' आहे की मिश्र तेल, हे तिथे उघड लिहावंच लागतं. मिश्र असेल तर प्रत्येक तेलाचं प्रमाण द्यावं लागतं आणि त्यावर अ‍ॅगमार्क हवाच. 'सिंगतेलाचा स्वाद' वगैरे शब्द दिसले की समजून घ्या. पोषणाचा तक्ताही वाचण्यासारखा असतो. शेंगदाणा तेलात शंभर ग्रॅममागे संपृक्त स्निग्धांश 17 ते 20 च्या घरात असतो, आणि बहुअसंपृक्तापेक्षा एकअसंपृक्त स्पष्टपणे जास्त. बहुअसंपृक्त पन्नाशीच्या पुढे छापलं असेल, तर ते सोया किंवा कपासियाकडे झुकलेलं मिश्रण आहे. 'कोलेस्टेरॉल शून्य' वाचून खूश होऊ नका, कुठल्याच वनस्पती तेलात ते जमेस धरण्याइतकं नसतं. आणि जुना बडोदेकर म्हणतात ते खरंच आहे, खोटं लिहिणाऱ्याचं लेबल वाचून त्याचं खोटं कळत नाही. लेबलने चुकून वेगळाच माल घेणं टळतं, भेसळ नव्हे.

डबाही बघा. पुन्हा वापरलेला डबा चालत नाही. तोंडाशी दुसऱ्यांदा डाग दिलेला, आतून गंजाची रेघ, लेबल जुन्या रंगावर चिकटवलेलं, असा असेल तर भाव न विचारता पुढे चला.

शंकेसाठी खरी परीक्षा लॅबची. शेंगदाणा तेलाचा साबण करून, आम्ल-अल्कोहोलच्या द्रावणात सावकाश थंड करतात आणि कुठल्या तापमानाला गढूळ होतं ते टिपतात. शुद्ध तेल 39 ते 41 अंशांत गढुळतं. कपासिया किंवा सोया मिसळलं की आकडा खाली सरकतो. कपासियासाठी वेगळी रंगाची परीक्षा आहे, पण तेल आधी फार तापवलेलं असलं की ती दगा देते, म्हणून एकावर विसंबत नाहीत. घरच्या वाटीत हे होणारं नाही.

सर्वसामान्य ग्राहकालाही फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते, अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 40 खाली. अट एकच, विकत घेतानाच दुकानदाराला सांगायचं की हा नमुना तपासायला देणार आहे. माल अयोग्य निघाला तर फी परत मिळते. बिल मात्र पक्कं घ्या.

वाडीतला बाळू
हे सांगितल्यावर दुकानदार डबा देईल का, की म्हणेल जा दुसरीकडे?

कपासियाप्रेमी, अलकापुरी
सगळे कपासियाला चोर ठरवताय. आम्ही नाव वाचून, उघडपणे, कमी भावात कपासियाच घेतो आणि उंधियोही त्यातच करतो. सिंगतेलाच्या भावात घातलं तर चोरी, नाहीतर तेही तेलच आहे.

जुना बडोदेकर
उंधियो आणि कपासिया! आमच्या आजीने चुलीजवळ उभं केलं नसतं.

मुग्धा, रावपुरा
दुकानात जाऊन आले. 15 लिटरच्या डब्यावर खाली बारीक अक्षरात वजन 13.65 किलोच आहे, काकांचा आकडा जुळला. त्याला सांगितलं की किलोवाला किलोमागे स्वस्त आहे, तर म्हणाला, "बेन, आजवर कोणी विचारलं नाही." 15 किलोचा एकच घेतला, नवीन डबा, बिलासह. तपासणीचं बोलले तेव्हा हसला, पण डबा परत घेतला नाही. नवरा अजून घाणीवरच अडून बसलाय, तर रविवारी पाच किलो दाणे घेऊन जाणार आहोत. पाच किलोतून दोनच किलो येईल ना, काका?

निवृत्त केमिस्ट, मांजलपूर
दोनच्या आसपास. घाणीतच थोडं अडकून राहतं, त्यामुळे कमीच धरा. आणि पेंड सोडून येऊ नका, तिचेही पैसे आहेत.